युरोत किंमत, रुपयांत पैसे: पाच वर्षांच्या करारात दर कोणाचा आणि कोणत्या दिवसाचा?

प्रश्न: आमचा नाशिकजवळ कारखाना आहे. एका जर्मन कंपनीच्या पुण्यातल्या भारतीय कंपनीकडून आम्ही खास बेअरिंग घेतो, महिन्याला साधारण 2,000 नग, प्रत्येकी 42 युरो. आता पाच वर्षांचा करार करायचा आहे, उधारी 60 दिवसांची. त्यांच्या मसुद्यात एवढंच वाक्य आहे: ‘किंमत युरोमध्ये राहील व रक्कम प्रचलित आरबीआय दराने भारतीय रुपयांत द्यावी.’ हे पुरेसं आहे का? नसेल तर कलम कसं लिहावं?

उत्तर:

पुरेसं नाही. पुरवठ्याचे करार तपासताना मी एक साधी कसोटी लावतो. कलमाची प्रत आणि एक बीजक तुमच्या अकाउंटंटला द्या, तीच दोन्ही कागदपत्रं त्यांच्या अकाउंटंटला द्या, आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. एकमेकांना फोन न करता दोघांनी पैशापर्यंत तोच आकडा काढला तर कलम चांगलं. तुमच्या वाक्यावर ते दोघे तीन ठिकाणी अडतील. ‘आरबीआय दर’ म्हणजे नेमका कुठला, ‘प्रचलित’ म्हणजे कोणत्या दिवशीचा, आणि तो दर त्या दिवशी मिळालाच नाही तर काय.

त्याआधी एक पायाभूत गोष्ट. करारात दोन चलनं वेगवेगळी कामं करतात. एक हिशेबाचं चलन, ज्यात देणं मोजलं जातं, आणि दुसरं भरण्याचं चलन, ज्यात पैसे हातात पडतात. तुमच्याकडे हिशेब युरोत आहे आणि भरणा रुपयांत. दोन्ही कंपन्या भारतातल्या असल्यामुळे परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली सर्वसाधारणपणे भरणा रुपयांतच करावा लागतो, तेव्हा त्यात निवडीला फारशी जागा नाही. युरोतलं देणं कोणत्या क्षणी रुपयांतलं देणं होतं, हा खरा प्रश्न आहे. त्या क्षणापर्यंत युरो वर गेला तर भार तुमचा, आणि त्या क्षणानंतर गेला तर त्यांचा. मसुद्यातलं वाक्य या क्षणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि करारातला सर्वात महाग मौनाचा भाग तोच आहे.

आकड्यांत पाहा. महिन्याचं बीजक 84,000 युरोचं. समजा बीजकाच्या दिवशी युरो 100 रुपये होता आणि 60 दिवसांनी तुम्ही पैसे भरले तेव्हा 103 रुपये 20 पैसे. (हे दर हिशेबापुरते घेतले आहेत.) पहिल्या दराने देणं 84,00,000 रुपये, दुसऱ्या दराने 86,68,800 रुपये. एका बीजकामागे 2,68,800 रुपयांचा फरक, आणि ‘प्रचलित’ हा शब्द दोन्ही अर्थांना सारखीच जागा देतो. रुपया किती वेगाने हलू शकतो हे 2013 च्या उन्हाळ्यात आपण पाहिलं आहे. मेमध्ये 54-55 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 28 ऑगस्टला 68 च्या पुढे गेला होता. त्या तीन महिन्यांत 60 दिवसांच्या उधारीवर असलेल्या आणि तारीख न लिहिलेल्या प्रत्येक करारात भांडणाचं बी होतं.

आता ‘आरबीआय दर’. एकेकाळी रिझर्व्ह बँक स्वतः बँकांकडून दर मागवून रोज संदर्भ दर काढायची, आणि जुन्या करारांत तो शब्द तिथूनच आला. 10 जुलै 2018 पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे एफबीआयएल, या संस्थेकडे गेलं. फिम्डा, फेडाय आणि इंडियन बँक्स असोसिएशन या बँकिंग क्षेत्रातल्या तीन संघटनांनी मिळून उभी केलेली ही संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली काम करते. त्या तारखेनंतर ‘आरबीआयने काढलेला दर’ अशी वस्तूच उरली नाही. तरीही जुना नमुना पुढे पुढे चिकटवला जातो आणि आजही नव्या करारांत तेच शब्द येतात. एखादं न्यायालय किंवा लवाद बहुधा त्याचा अर्थ एफबीआयएलचा दर असाच लावेल. पण हे ऐकण्यासाठी लवादापर्यंत जाण्याची गरज काय? नाव बरोबर लिहायला एक ओळ पुरते.

हा दर कसा निघतो तेही समजून घ्या, कारण तारखेचा प्रश्न त्यातूनच सुटतो. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली पंधरा मिनिटांची एक खिडकी निवडली जाते, आणि तेवढ्या वेळात झालेल्या डॉलर-रुपया व्यवहारांवरून दर काढला जातो. युरो, पाउंड आणि येनचे दर त्या डॉलरच्या दराला आंतरराष्ट्रीय बाजारातल्या दराशी जोडून येतात. दुपारी दीडच्या सुमारास सगळे जाहीर होतात. शनिवारी, रविवारी आणि मुंबईत बँकांना सुट्टी असते त्या दिवशी दर नसतो. म्हणजे सकाळी अकराला निघालेल्या बीजकाला ‘त्याच दिवसाचा दर’ लावायचा म्हटलं तर तो दर अजून जन्मलेलाच नाही. शनिवारी माल निघाला तर त्या दिवसाचा दर कधीच निघणार नाही.

तुमचे पुरवठादार कदाचित एफबीआयएल नको, स्टेट बँकेचा टीटी सेलिंग कार्ड रेट घ्या म्हणतील. त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. जर्मनीला पैसे पाठवायला त्यांना बँकेकडून युरो विकत घ्यावे लागतात, आणि बँक मधल्या दराने देत नाही, विक्रीच्या दराने देते. पण यात एक बारकावा आहे. कार्ड रेट हा लहान रकमांसाठी सकाळी लावलेला फळ्यावरचा दर असतो, आणि प्रत्येक बँक त्यात स्वतःचं अंतर ठेवते. महिन्याला लाखो युरो घेणारी कंपनी त्या दराने युरो घेत नाही, ती बँकेच्या ट्रेझरीशी बोलून बारीक अंतराने घेते. तुम्हाला कार्ड रेटने बीजक लागलं आणि त्यांनी युरो मात्र वाटाघाटीच्या दराने घेतले, तर मधला फरक त्यांच्याकडे राहतो. तो फरक समजा युरोमागे 60 पैसे असेल, तर 84,000 युरोवर महिन्याला 50,400 रुपये आणि वर्षाला 6,04,800 रुपये होतात. करारात हा नफा कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून मी संदर्भ दर एफबीआयएलचाच ठेवायला सांगतो आणि त्यांचा खरा बँक-खर्च उघडपणे किमतीत घ्यायला सांगतो. त्यांनी पुरावा दाखवावा की युरो घेताना त्यांना संदर्भ दरापेक्षा, उदाहरणार्थ, पाव टक्का जास्त पडतो. मग 42 युरोच्या मूळ किमतीत साडेदहा सेंट वाढवा आणि तो विषय पाच वर्षांसाठी संपवा. बोलणी एकदाच होतात आणि दर महिन्याच्या हिशेबात कुणाच्या मर्जीचा आकडा राहत नाही.

सीमाशुल्काचा दर, म्हणजे आयात-निर्यातीसाठी सरकार जाहीर करतं तो, काही मसुद्यांत दिसतो. कर मोजण्यासाठी तो आहे, किंमत ठरवण्यासाठी घेऊ नका. आयातीचा आणि निर्यातीचा दर वेगवेगळा असतो आणि तो रोजच्या बाजारासोबत हलत नाही. युरोपियन सेंट्रल बँकेच्या, म्हणजे ईसीबीच्या, संदर्भ दरांचंही तसंच. जर्मन मुख्यालय ते सुचवील, पण ती बँक स्वतःच सांगते की हे दर माहितीसाठी आहेत, व्यवहार ठरवण्यासाठी त्यांचा वापर तिला अपेक्षित नाही.

एक जागतिक उदाहरण मात्र मी प्रत्येक वाटाघाटीत मांडतो. 1 मार्च 2022 नंतर त्याच बँकेने युरो-रूबल दर जाहीर करणं थांबवलं. युक्रेन युद्धानंतर रूबलचा बाजारच असा फाटला होता की विश्वासार्ह दर काढणं शक्य उरलं नव्हतं. ज्यांच्या करारात ‘ईसीबीचा रूबल दर’ एवढंच लिहिलेलं होतं, त्यांच्याकडे 2 मार्चला कलम होतं पण दर नव्हता. लायबॉर या लंडनमध्ये ठरणाऱ्या व्याजाच्या संदर्भ दराची गोष्ट उलट. तो बंद होणार हे काही वर्षं आधी माहीत होतं, बहुतेक चलनांत तो 2021 अखेर आणि डॉलरच्या मुख्य मुदतींत 30 जून 2023 ला संपला, आणि तरी जुन्या कर्जकरारांत पर्यायी दराचं वाक्य नसल्यामुळे बँकांना आणि कंपन्यांना ढीगभर दुरुस्त्या कराव्या लागल्या. पाच वर्षांच्या करारात ‘दर नाहीसा झाला तर’ हे वाक्य म्हणून लागतंच.

आता तारीख. माझ्यापुढे तीन पर्याय येतात. पैसे भरण्याच्या दिवसाचा दर, बीजकाच्या दिवसाचा दर, किंवा मागच्या महिन्याची सरासरी.

भरण्याच्या दिवसाचा दर तुमच्या बाबतीत मी सुचवत नाही. बीजक एका रुपयांच्या रकमेचं आणि देणं दुसऱ्या रकमेचं होतं, मग दर महिन्याला डेबिट नोट किंवा क्रेडिट नोट काढा आणि त्यामागून जीएसटीची जुळवाजुळव करा. शिवाय भरण्याचा दिवस तुमच्या हातात असतो. युरो उतरताना दिसला की तुम्ही थांबाल, आणि समोरच्याला तुमच्यावर संशय घ्यायला सबळ कारण मिळेल.

बीजकाच्या दिवसाचा दर स्वच्छ आहे, पण तो दिवस पुरवठादाराच्या हातात असतो. दोन वर्षांपूर्वी एका करारात मी हे जवळून पाहिलं. पुरवठादाराचा माल महिनाभर थोडा थोडा निघत होता, पण बीजकं मात्र ज्या दिवशी विदेशी चलन वर असेल त्याच दिवशी गठ्ठ्याने यायची. त्यात कुणी कराराचा भंग केला नव्हता. कलमानेच त्यांना दिवस निवडण्याची मोकळीक दिली होती. खरेदीदाराने वर्षभराची बीजकं एका कागदावर मांडली तेव्हाच ते लक्षात आलं, आणि तोवर दोन कंपन्यांमधला विश्वास बराच झिजला होता.

तुमच्यासारख्या, दर महिन्याला चालणाऱ्या पुरवठ्यात म्हणून मी मागच्या कॅलेंडर महिन्याची सरासरी घेतो. मे महिन्यात निघालेल्या सगळ्या बीजकांना एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या एफबीआयएल युरो-रुपया दरांची साधी सरासरी. समजा एप्रिलमध्ये दर जाहीर झालेले 20 दिवस आहेत, त्यातला सर्वात खालचा 99.10, सर्वात वरचा 102.60, आणि वीसही दरांची बेरीज भागिले 20 केल्यावर 100.6185 येतात. मे महिन्याचं देणं 84,000 गुणिले 100.6185, म्हणजे 84,51,954 रुपये. एकाच दिवसाचा दर घेतला असता तर तो दिवस कोणता यावर हीच रक्कम 83,24,400 ते 86,18,400 यांच्यामध्ये कुठेही गेली असती, म्हणजे 2,94,000 रुपयांचा पट्टा. सरासरीत कुणालाच दिवस निवडता येत नाही, 1 मे उजाडताच दोन्ही कार्यालयांना महिन्याचा दर माहीत असतो, आणि रुपयांतलं बीजक निघतानाच रक्कम पक्की होते.

सरासरीचे तोटेही सांगतो. ती बाजाराच्या मागे चालते. रुपया सलग घसरत असेल तर पुरवठादाराला प्रत्येक महिन्यात थोडं कमी मिळतं, आणि रुपया सावरताना तुम्ही थोडं जास्त देता. दुसरं असं की साधा फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच पक्का करणं, एका विशिष्ट दिवसाच्या दराला बांधलेला असतो, त्यामुळे सरासरीवरची जोखीम त्याने अचूक झाकता येत नाही. त्यांची ट्रेझरी यावर हरकत घेईल, आणि ती हरकत खरी आहे. त्यांनी सरासरी अजिबात मान्य केली नाही तर ‘बीजकाच्या आदल्या जाहीर दिवसाचा दर’ घ्या, पण त्यासोबत ‘बीजक माल निघाल्याच्या तारखेचंच असेल’ हे वाक्य घाला, म्हणजे दिवस मालवाहतुकीच्या पावतीशी बांधला जाईल.

‘दोहोंपैकी जो अधिक असेल तो दर’ असं काही मसुद्यांत उशिराच्या भरण्यासाठी लिहिलेलं असतं. त्यावर सही करू नका. तो शब्दप्रयोग म्हणजे एका बाजूला फुकट दिलेला पर्याय आहे. युरो वर गेला तर वाढ त्यांची आणि खाली आला तरी घटीचा फायदा तुम्हाला नाही. उशीर झाला तर त्याची भरपाई व्याजाने व्हावी, दराने नव्हे.

उशिराचा प्रश्न जिथे टोकाला जातो तिथलं भारतीय कायद्याचं उत्तरही माहीत असलेलं बरं. फोरासोल विरुद्ध ऑइल अँड नॅचरल गॅस कमिशन या 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच होता. फ्रेंच कंपनीचं फ्रँकमधलं येणं रुपयांत कोणत्या तारखेच्या दराने बदलायचं? न्यायालयाने पाच संभाव्य तारखा तपासल्या, देणं लागू झाल्याच्या दिवसापासून ते प्रत्यक्ष वसुलीच्या दिवसापर्यंत, आणि हुकूमनाम्याची तारीख धरली. परदेशी लवाद निवाड्यांच्या बाबतीत 2024 च्या डीएलएफ विरुद्ध कोंचार निकालात न्यायालयाने निवाडा अंमलबजावणीयोग्य होण्याची तारीख धरली. म्हणजे युरोतलं देणं युरोतच राहिलं आणि वाद पाच-सात वर्षं चालला, तर ती सगळी वर्षं दराची जोखीम लटकत राहते. तुमच्या कलमात ‘बीजक निघताक्षणी देणं रुपयांचं होतं आणि नंतर पुन्हा बदलत नाही’ हे वाक्य असेल तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

दशांशांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि येनमध्ये ते महागात पडतं. एफबीआयएल येनचा दर 100 येनमागे देतं. एका कंपनीत सुट्या भागांची किंमत येनमध्ये होती. दर 100 येनमागे 58.41 होता, अकाउंट्सने एका येनचा दर काढला आणि त्यांच्या प्रणालीने तो दोन दशांशांवर नेऊन 0.58 केला. तीन कोटी येनवर बरोबर रक्कम 1,75,23,000 रुपये, निघालेली 1,74,00,000 रुपये. 1,23,000 रुपयांची तूट, आणि दर महिन्याला. तुमच्याकडे युरो आहे म्हणून धोका कमी, पण दर चार दशांशांपर्यंत आणि अंतिम रक्कम पैशापर्यंत, हे लिहून टाका. गोलाई फक्त शेवटी एकदाच, प्रत्येक नगावर नाही. चलन युरोऐवजी स्विस फ्रँक असतं तर अजून एक गोष्ट तपासायला सांगितली असती. 2018 मध्ये हे काम एफबीआयएलकडे आलं तेव्हा दर चारच चलनांचे होते, डॉलर, युरो, पाउंड आणि येन. यादीबाहेरच्या चलनासाठी डॉलरमधून दोन पायऱ्यांनी दर काढावा लागतो आणि त्या दोन्ही पायऱ्यांचे स्रोत लिहावे लागतात.

हे सगळं धरून तुमच्यासाठी मी कलम असं लिहीन. तुमचा करार इंग्रजीत असेल, तेव्हा वकिलाने याचा अर्थ तसाच ठेवून इंग्रजी मसुदा करावा.

1. मालाची किंमत युरोमध्ये ठरलेली आहे. सर्व रकमा फक्त भारतीय रुपयांत देय असतील. युरो हे फक्त मोजमापाचं चलन आहे.

2. ‘संदर्भ दर’ म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया प्रायव्हेट लिमिटेड (यापुढे ‘प्रकाशक’) यांनी एका युरोसाठी रुपयांत जाहीर केलेला दैनिक संदर्भ दर. कोणत्याही बँकेचा खरेदी किंवा विक्री दर, तसेच सीमाशुल्कासाठी जाहीर केलेला दर, या करारासाठी ग्राह्य नाही.

3. ‘मासिक दर’ म्हणजे बीजकाच्या महिन्याच्या लगत आधीच्या कॅलेंडर महिन्यात जाहीर झालेल्या सर्व संदर्भ दरांची साधी सरासरी, चार दशांशांपर्यंत. ज्या दिवशी दर जाहीर झाला नाही तो दिवस मोजला जाणार नाही. एखाद्या महिन्यात दहापेक्षा कमी दिवस दर जाहीर झाले तर त्याआधीच्या महिन्याचा मासिक दर लागू राहील. प्रकाशकाने एखादा दर जाहीर केल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त केला तर दुरुस्त दर धरला जाईल, त्यानंतरची दुरुस्ती धरली जाणार नाही.

4. प्रत्येक बीजक मालाची युरोतली एकूण किंमत गुणिले मासिक दर इतक्या रुपयांचं असेल, पैशापर्यंत पूर्णांकित. बीजक निघताक्षणी ती रक्कम रुपयांतलं देणं होईल. भरण्याची तारीख, उशीर, वाद किंवा लवादाची कार्यवाही, यांपैकी कोणत्याही कारणाने तिचं पुन्हा परिवर्तन होणार नाही. विलंबाचं व्याज त्या रुपयांतल्या रकमेवर, कलम अमुकप्रमाणे.

5. प्रकाशकाचं काम रिझर्व्ह बँकेने किंवा तिच्या मान्यतेने दुसऱ्या संस्थेकडे गेलं तर त्या संस्थेचा तोच दर, वेगळ्या दुरुस्तीपत्राशिवाय, संदर्भ दर मानला जाईल. असा कोणताही उत्तराधिकारी नसताना दर कायमचा बंद झाला तर, महिन्याच्या शेवटच्या पाच कामकाजाच्या दिवसांत रोज दुपारी बारा वाजता तीन शेड्यूल्ड बँकांनी दिलेल्या खरेदी-विक्री दरांच्या मध्याची सरासरी वापरली जाईल. एक बँक खरेदीदार सुचवील, एक पुरवठादार, तिसरी दोघे मिळून. असा दर ठरेपर्यंत शेवटच्या मासिक दराने तात्पुरती बीजकं निघतील आणि फरक पुढच्या बीजकात, व्याजाशिवाय, जुळवला जाईल.

6. युरो हे चलन बदललं गेलं तर कायद्याने ठरलेल्या अधिकृत परिवर्तन दराने नवं चलन युरोची जागा घेईल आणि करार चालू राहील.

सहावं वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. पण 1 जानेवारी 1999 ला जर्मन मार्क असाच 1.95583 मार्क म्हणजे 1 युरो या ठरलेल्या दराने युरोत बदलला, आणि तेव्हा युरोपीय नियमाने स्पष्ट लिहिलं होतं की चलन बदललं म्हणून करार मोडत नाही. दोन ओळींत हे मान्य असलेलं बरं.

तिसऱ्या कलमातला दहा दिवसांचा आणि पाचव्यातला पाच दिवसांचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, तुम्ही बोलून बदलू शकता. चौथं मात्र सहजासहजी सोडू नका. तिथे पुरवठादार म्हणेल की 60 दिवसांत युरो चढला तर नुकसान आमचं. बरोबर आहे, आणि ते त्यांनी फॉरवर्डने झाकावं किंवा त्याचा खर्च किमतीत मागावा. मालाच्या किमतीतला उघड आकडा तुम्ही तपासू शकता. ‘प्रचलित’ या शब्दात दडलेला आकडा तपासता येत नाही.

कराराला एक पानाचं परिशिष्ट जोडा. एका महिन्याचे सगळे दर, त्यांची सरासरी, एक बीजक, शेवटची रक्कम, आणि खाली दोन्ही अकाउंट्स प्रमुखांच्या सह्या. परिशिष्ट आणि कलम यांच्यात विसंगती आली तर कलम वरचढ, हेही तिथेच लिहा, नाहीतर उदाहरणातली छापील चूक एखाद्या दिवशी करार बनून समोर येईल. रोजचे दर fbil.org.in वरून दर महिनाअखेर उतरवून दोन्हीकडच्या फायलीत ठेवण्याची जबाबदारी कुणाची, तेही त्याच पानावर.

सही करण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांची तुमची प्रत्यक्ष बीजकं घ्या आणि हे कलम त्यांच्यावर लावून पाहा. प्रत्येक महिन्याचं देणं जुन्या पद्धतीने किती झालं आणि नव्याने किती झालं असतं, हे दोन रकान्यांत मांडा आणि तो कागद त्यांच्याकडे पाठवा. कलमावरची बोलणी त्या कागदावरून सुरू करा.